एका वाक्यात 'औदुंबर': काय मावतं, काय उरतं

*सप्रेम नमस्कार. शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी करून मी निवृत्त झालो. शाहूपुरीत आमचा नऊ-दहा जणांचा वाचनगट आहे, शनिवारी संध्याकाळी बसतो. मी नियम घातला, की प्रत्येकानं आधी कविता एका साध्या वाक्यात सांगायची, मग चर्चा. बालकवींच्या 'औदुंबर'वर असा कालवा झाला की विचारू नका. एक जण म्हणाले, निसर्गवर्णन आहे, संपला विषय. एक ताई म्हणाल्या, एकाकीपणा. दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाणारे आमचे मित्र म्हणाले, औदुंबर म्हटल्यावर दत्त महाराज आलेच. आणि मराठी शिकवलेल्या बाई म्हणाल्या, कवितेचा सारांश करणं हाच अडाणीपणा. माझा नियम चुकीचा आहे का? नसेल, तर वाक्य बरोबर आलं की नाही हे तपासायचं कसं? आणि सगळ्याच कवितांना हे चालतं का?*
*– एक वाचक, कोल्हापूर*

नमस्कार.

नियम ठेवा, फक्त तो अर्ध्यावर सोडू नका. तुमच्याकडे वाक्य सांगून झालं की लगेच मतं सुरू होतात. वाक्य आणि मतं यांच्यामध्ये एक पायरी हवी: ते वाक्य हातात घेऊन पुन्हा कवितेकडे जायचं आणि ते नेमकं कुठे कमी पडलं, कुठे जास्त बोललं, हे शब्दावर बोट ठेवून दाखवायचं. ही पायरी गाळली तर बाई म्हणतात ते खरं ठरतं. क्लीन्थ ब्रुक्स या अमेरिकन समीक्षकानं १९४७ साली सारांशाला पाखंडच म्हटलं होतं. पण त्याचा रोख सारांश करण्यावर नव्हता. कवितेकडे बोट दाखवण्यापुरता सारांश वापरायला त्याची हरकत नव्हती; तोच कवितेचा गाभा आहे असं धरून चालण्यावर त्याचा आक्षेप होता. हे बाईंना सांगून पाहा, त्या निम्म्या तरी तुमच्या बाजूला येतील.

'औदुंबर' या कामाला फार चांगली आहे. आठच ओळी, अवघड शब्द जवळजवळ नाहीत, आणि 'यात काही घडतच नाही' असं पहिल्या वाचनात वाटतं. वेगवेगळ्या पुस्तकांत तिचे ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार थोडे वेगळे छापलेले आढळतात, म्हणून सगळ्यांनी एकच पाठ समोर ठेवा:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.

चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आधी वाक्य कसं करायचं ते. थेट वाक्यावर उडी घेऊ नका, आधी अन्वय लावा. शाळेत लावायचो तसाच: कर्ता कोण, क्रियापद कोणतं, कशाला काय जोडलंय. पहिल्या दोन ओळींचा अन्वय 'निळासावळा झरा ऐल तटावर, पैल तटावर हिरवाळी घेऊन बेटाबेटांतून वाहतो' असा लागतो. तिसऱ्या ओळीत क्रियापदच नाही, हे अन्वय लावतानाच लक्षात येतं आणि पुढे ते कामाला येतं. सातव्या ओळीशी मात्र सगळे अडतील. झाकळणारं कोण? पसरणारं कोण? कर्ता त्या ओळीत नाहीच, तो आठव्या ओळीच्या शेवटच्या शब्दात आहे. काळिमालाच कर्ता करून 'गोड काळिमा लाटांवर पसरतो' असाही अन्वय कुणी लावील. मग 'झाकळुनी जळ' हेही काळिम्याचंच काम होतं आणि आठवी ओळ वेगळं वाक्य ठरते. व्याकरण त्याला आडकाठी करत नाही. पण जळ झाकळून, काळिमा पसरून, पाय टाकून बसलेला तो औदुंबर, ही साखळी जास्त घट्ट बसते. आपण ती घेऊ. दुसरा अन्वय वहीत नोंदवून ठेवा, कारण सारांशाला दोन्हींपैकी एकच निवडावा लागतो. कविता ही निवड आपल्यावर लादत नाही.

आता वाक्य. त्याला चार-पाच अटी घाला. त्यात क्रियापद हवं आणि त्याचा कर्ता कवितेतला हवा. 'या कवितेत कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे' या वाक्याचा कर्ता कवी आहे आणि हेच वाक्य आणखी शंभर कवितांना जसंच्या तसं चिकटवता येतं. तो विषय झाला, सारांश नव्हे. वाक्यात बोध नको, म्हणून 'एकाकीपणा' तूर्त बाजूला. ताईंचं म्हणणं चूक म्हणून नव्हे, ते अजून सिद्ध करायचं आहे म्हणून. कवितेतलं विशेषण शक्यतो वाक्यात घेऊ नका. हे जरा उलटं वाटेल, पण 'गोड काळिमा' वाक्यात ठेवला तर कवितेचाच एक तुकडा उचलून आणल्यासारखं होतं आणि मग वाक्यात काय मावलं नाही ते कळत नाही. शब्द रोजच्या बोलण्यातले असावेत. आणि लांबी पंचवीस शब्दांच्या आत.

या अटींत बसणारं एक वाक्य असं:

'झऱ्यापलीकडच्या टेकडीजवळच्या लहान गावापासून एक पायवाट शेतांतून आणि कुरणातून डोहापाशी जाते आणि डोहाच्या काठी उभ्या असलेल्या औदुंबराची सावली पाण्यावर पडली आहे.'

वाक्य वाईट नाही. कविता न वाचलेल्या माणसाला फोनवर सांगितलं तर त्याला चित्र दिसेल. आता तपासणी, आणि पहिली तपासणी वाक्याची, कवितेची नव्हे. वाक्यातला प्रत्येक शब्द घ्या आणि विचारा: हे कवितेत कुठे म्हटलंय? ओळ दाखवता आली नाही की त्या शब्दाखाली रेघ.

'गावापासून' इथेच पहिली रेघ पडते. वाट गावातून निघते असं कविता म्हणत नाही. ती 'तयांतुनि' पडते, म्हणजे शेतमळ्यांतून. गाव आणि वाट आपण जोडली, कारण वाटा गावातून निघतात हे आपल्याला माहीत आहे. दुसरी रेघ 'डोहापाशी जाते'खाली. कवितेत वाट 'काळ्या डोहाकडे' 'चालली' आहे. पोहोचली असं कुठेच नाही. तिसरी 'काठी'खाली, चौथी 'उभ्या'खाली. कवितेतला औदुंबर काठावर उभा नाही, जळात पाय टाकून बसला आहे. पाचवी 'सावली'खाली. सावली हा शब्द आठ ओळींत कुठेही आलेला नाही! आणि औदुंबर ज्या पाण्यात बसलाय ते पाणी त्या डोहाचंच, हेही शेजारशेजारच्या जोडओळींवरून आपणच धरलेलं आहे.

एवढ्याशा वाक्यात पाच-सहा जागा. यातली एकही थाप म्हणता येणार नाही, सगळे तर्क रास्त आहेत. पण साधं वाक्य करताना आपण न कळत रिकाम्या जागा भरतो, आणि कवितेनं त्या मोकळ्या का सोडल्या हा प्रश्नच मग पडत नाही. तुमच्या गटात हे काम जोडीनं करा. ज्यानं वाक्य केलं त्यानं स्वतःच रेघा मारायच्या नाहीत. आपण भरलेली जागा आपल्याला दिसत नाही.

दुसरी तपासणी उलट्या दिशेनं. आता कविता घ्या आणि वाक्यात ज्याचा काहीतरी अर्थ आला तो शब्द पेन्सिलीनं खोडत चला. झरा, गाव, टेकडी, शेतमळे, पायवाट, कुरण, डोह, जळ, औदुंबर, सगळी नामं खोडली जातात. मग जे शिल्लक राहतं ते वेगळ्या कागदावर, कवितेतल्याच क्रमानं उतरवा: ऐल तटावर पैल तटावर, हिरवाळी घेऊन, निळासांवळा, वाहतो, बेटाबेटांतुन, चार घरांचे, दाट, हिरवी गर्दी, पांढरी, अडवी तिडवी, हिरव्या, चालली, काळ्या, झांकळुनी, गोड काळिमा, पसरी लाटांवर, पाय टाकुनी, बसला, असला.

ही यादी पाच मिनिटं नुसती बघत बसा. इथे घाई करणाऱ्याच्या हाती 'विशेषणं राहिली, म्हणजे सौंदर्य राहिलं' एवढंच लागतं. त्यापेक्षा यादीतल्या शब्दांचे गट पडतात का ते पाहा.

रंगांचा गट लगेच सापडतो. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. आठ ओळींत रंगांचे सात शब्द आणि आपल्या वाक्यात एकही नाही. बरं, ते नुसते विखुरलेले नाहीत. हिरवा तीनदा येतो, पण पहिल्या सहा ओळींतच. शेवटच्या दोन ओळींत तो नाही. पांढरा एकदाच येतो, वाटेला, आणि ती वाट काळ्याकडे चालली आहे. काळा सहाव्या ओळीत डोहाचा रंग म्हणून येतो आणि सातव्या ओळीत पाण्यावर पसरणारी गोष्ट होऊन येतो. पहिल्याच जोडओळीतला 'निळासांवळा' बघा: निळ्यात सावळेपणा तिथेच मिसळलेला आहे. 'काही घडत नाही' असं वाटणाऱ्या कवितेत हे घडतं.

दुसरा गट शोधायला थोडा वेळ लागतो आणि आमच्या मते या कवितेत तोच जास्त मोलाचा. गर्दी. चालली. पाय टाकुनी. बसला. हे चारही शब्द आपण एरवी कुणासाठी वापरतो? माणसांसाठी. गर्दी महाद्वार रोडला दिवाळीत होते, पाय पाण्यात टाकून आपण बसतो. कवितेत गर्दी शेतमळ्यांची आहे, चालणं वाटेचं आहे आणि बसणं झाडाचं. आता तिसऱ्या ओळीकडे परत या, जिला क्रियापद नाही. ती नेमकी गावाची ओळ आहे. झरा वाहतो, वाट चालते, झाड बसतं, आणि ज्या गावात माणसं असणार ते गाव काहीही करत नाही. आठ ओळींत माणूस एकही नाही. घरं आहेत, पिकवलेली शेतं आहेत, पायांनी मळलेली वाट आहे. माणसाच्या सगळ्या खुणा आहेत आणि माणसाच्या क्रिया दुसऱ्यांना वाटून दिलेल्या आहेत.

तुमच्या ताईंना 'एकाकीपणा' जाणवला तो बहुतेक इथून. आता त्यांना विचारता येईल: हा एकाकीपणा औदुंबराचा, की माणूस नसलेल्या त्या जागेचा? दोन्हींत फरक आहे. औदुंबराला एकटं वाटतंय असं सांगणारा शब्द यादीत सापडत नाही. उलट 'पाय टाकुनी बसला' ही निवांत माणसाची बैठक आहे. ताईंचा शब्द टिकतो, पण त्याची जागा बदलते.

तिसरी तपासणी अदलाबदलीची. उरलेल्या शब्दांपैकी एखादा उचलायचा, त्या जागी वाक्यातला साधा शब्द बसवायचा आणि ओळ मोठ्यानं वाचायची. अट एकच, की चाल मोडता कामा नये. नाहीतर 'लय बिघडली म्हणून वाईट वाटतंय' आणि 'अर्थ गेला म्हणून वाईट वाटतंय' यांतला फरक कळत नाही. 'गोड काळिमा'च्या जागी 'गार सावली' घाला. मात्रा मोजा: गोड काळिमा आठ, गार सावली आठ. 'झांकळुनी जळ गार सावली पसरी लाटांवर.' ओळ बिनबोभाट चालते, कुठे अडखळत नाही. म्हणजे जे गेलं ते लयीमुळे गेलेलं नाही.

काय गेलं? गार सावली म्हणजे दिलासा. उन्हातून आलेल्याला ती हवीच असते. काळिमा कुणाला हवा असतो? काळिमा फासतात, काळिमा लागतो. तो 'गोड' म्हणून दिल्यावर दोन शब्दांत ओढाताण सुरू होते आणि कविता ती सोडवत नाही. 'सावली' म्हणताक्षणी आपण ती सोडवून टाकली होती, आणि तीही सोयीच्या बाजूला. असाच प्रयोग 'जळांत बसला'च्या जागी 'तटास उरला' घालून करा. तिथेही आठच मात्रा भरतात, पण आधीचे 'पाय टाकुनी' लोंबकळत राहतात. ते दोन शब्द बसण्याशिवाय उभेच राहत नाहीत, म्हणजे बसणं सुटं नाही, पूर्ण ओळ त्यावर रचलेली आहे.

मात्रा निघाल्याच आहेत तर कानाची तपासणीही इथेच उरकू. ओळीचा साचा आठ, आठ, अकरा असा आहे (ज्या ओळी दहावर संपतात त्यांचं शेवटचं अक्षर लांबवून म्हटलं जातं). 'ऐल तटावर । पैल तटावर । हिरवाळी घेऊन.' 'चार घरांचे । गांव चिमुकले । पैल टेकडीकडे.' विसावा शब्द संपतो तिथेच पडतो. पहिल्या चार ओळी आणि शेवटच्या दोन ओळी अशाच आहेत, प्रत्येकी तपासून पाहा. आता पायवाटेची जोडओळ म्हणा: 'पायवाट पां । ढरी तयांतुनि । अडवी तिडवी पडे.' 'हिरव्या कुरणा । मधुनि चालली । काळ्या डोहाकडे.' पहिला विसावा दोन्ही ओळींत शब्दाच्या पोटात पडतो. म्हणून आपण तिथे थांबत नाही, पुढे ओढले जातो. आठ ओळींत हे फक्त इथे होतं, वाट जिथे अडवी-तिडवी चालली आहे तिथेच. कवीनं ठरवून केलं असेल किंवा नसेल, त्यावर भांडू नका. म्हणताना जे होतं ते तुमच्या जिभेला कळतं, आणि कुठल्याही एका वाक्यात ते उतरवता येत नाही.

चौथी तपासणी क्रमाची. सारांशात क्रम आपल्या सोयीचा असतो आणि परीक्षेत लिहिताना तर झाड पहिल्याच शब्दात येतं: 'डोहाकाठी एक औदुंबर आहे.' शेवटची जोडओळ उचलून सगळ्यात वर ठेवा आणि कविता वाचा. दोन गोष्टी मोडतात. 'असला' हा शब्द अधांतरी होतो, कारण 'असला' म्हणजे 'हा असा', आणि मागे काही सांगून झालेलं असल्याशिवाय 'असा' कसा? आणि नंतरचा झरा, गाव, शेतं ही झाडाची पार्श्वभूमी होऊन बसतात. मूळ क्रमात झाड आहे हे आपल्याला ठाऊकच नसतं. (शीर्षकामुळे ठाऊक असतं, असं कुणी म्हणेल. मग ते कधी येणार याची वाट बघणं, हाही क्रमाचाच भाग झाला.) नजर दोन्ही तटांवरून टेकडीकडे, तिथून शेतांवर, मग वाटेनं खाली येते, पाणी झाकळलं जातं, काळिमा पसरतो, हे कोण करतंय ते अजून माहीत नाही, आणि अगदी शेवटच्या शब्दात कर्ता सापडतो. अन्वय लावताना सातव्या ओळीशी जे अडलं होतं ते हेच. सारांशानं ती अडचण दूर केली.

आता तुमच्या मित्रांचे दत्त महाराज. त्यांना गप्प करू नका, कारण कोल्हापूरच्या वाचकाला वाडी आठवली नाही तरच नवल. कृष्णा-पंचगंगेचा संगम, औदुंबर, पाण्याला लागून देऊळ, सगळं मनात तयारच असतं. पण बाहेरून आणलेल्या अर्थाला दोन प्रश्न विचारायचे. उरलेल्या यादीतले निदान दोन शब्द त्यानं उलगडतात का? आणि कवितेतला एखादा शब्द त्याच्या आड येतो का? दत्त मनात धरले तर 'बसला' थोडं उजळतं, आसन घातलेलं कुणीतरी डोळ्यांपुढे येतं. इतर कुठलंही झाड न घेता हेच का घेतलं, यालाही उत्तर मिळतं. पण गोड काळिमा तसाच राहतो. पार नाही, पादुका नाहीत, दिवा नाही, कुणी दर्शनाला आलेलं नाही. म्हणजे हा अर्थ कवितेच्या आड येत नाही, पण तिला फारसं उलगडतही नाही. तो समासात लिहा, वाक्यात नको.

हेच दोन प्रश्न आणखी एका अर्थाला विचारा, कारण तो कुणीतरी काढणारच. बालकवी १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले, वय जेमतेम सत्तावीस. मग काळा डोह म्हणजे मृत्यू, वाट म्हणजे आयुष्य, असं सगळं पटापट जुळवलं जातं. 'काळ्या डोहाकडे' आणि 'काळिमा' त्यानं उलगडतात खरे. पण 'गोड' आणि 'पाय टाकुनी बसला' यांना या अर्थासाठी मुरड घालावी लागते. शिवाय कवीचं मरण कवितेनंतरचं आहे, कवितेतला कुठलाच शब्द ते मागत नाही. मृत्यूची चाहूल म्हणायची तर ती रंगांच्या गटावरून म्हणा, तिथे हातात पुरावा आहे.

एवढं झाल्यावर वाक्य पुन्हा एकदा लिहा. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच साधं हवं, पण आता कुठे भर द्यायचा ते तुम्हाला माहीत आहे. एक नमुना: 'माणूस कुठेच न दिसणाऱ्या हिरव्या मुलखातून एक वाकडी वाट काळ्या पाण्याकडे चालली आहे आणि ते पाणी झाकोळून टाकणारा औदुंबर त्यात पाय टाकून बसला आहे.' गाव गेलं, सावली गेली, काठ गेला. 'माणूस कुठेच न दिसणाऱ्या' हे आपण घातलं; कविता ते म्हणत नाही, फक्त पाळते. त्याखाली रेघ हवीच. तिसरं वाक्य करत बसू नका, त्यात नवीन काही हाती लागत नाही, नुसता शब्दांचा घोळ वाढतो.

सगळ्याच कवितांना हे सारखं लागत नाही. तुकोबांचं 'जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले, तोचि साधु ओळखावा, देव तेथेचि जाणावा' घ्या. 'दुःखी माणसांना जो आपलं म्हणतो तो साधू आणि तिथे देव असतो' हे वाक्य जवळजवळ सगळं धरतं, कारण ते वचनच एक विधान आहे. तरी खोडाखोड करून पाहा, दोन शब्दांचे तुकडे उरतात: 'तोचि'मधलं आणि 'तेथेचि'मधलं 'चि'. त्या दोन अक्षरांत बाकीचे सगळे साधू आणि बाकीची सगळी ठिकाणं बाद होतात. सारांशात उपदेश आला, भांडण गळालं. अशा विधानाच्या कवितांत रंग-आवाज शोधत बसण्यापेक्षा अव्ययं तपासा: च, ही, परी, तरी, मग. तिथेच काहीतरी निसटलेलं असतं. 'औदुंबर'सारख्या चित्राच्या कवितेत क्रियापदं आणि क्रम आधी बघा. आणि ज्या कवितेत गोष्ट आहे, तिथे कोण बोलतंय आणि कुणाशी, हे सारांशात हमखास हरवतं.

तुमच्या बैठकीसाठी हिशेब सांगायचा तर आठ-दहा ओळींच्या कवितेला दीड तास धरा. अन्वयाला वीस मिनिटं, वाक्याला दहा, रेघा आणि खोडाखोड मिळून अर्धा तास, अदलाबदल आणि क्रम वीस मिनिटं, उरलेल्यात मतं. वाक्य प्रत्येकानं कागदावर लिहायचं, तोंडी नको. तोंडी सांगितलेलं वाक्य चर्चेत हळूहळू बदलत जातं आणि मग रेघ कशाखाली मारायची तेच कळत नाही. कागद गोळा करून उलटसुलट वाटा. बाईंना मात्र वाक्य करायला लावू नका. मात्रा मोजायचं आणि अन्वय तपासायचं काम त्यांच्याकडे द्या.